मॅडम, मेसेज पुन्हा लिहायला लावलात त्याबद्दल

प्रिय मॅडम,
सा. न.

तुम्ही ज्यांच्याशी ओळख करून दिलीत, त्या संपादिकाबाईंकडून काल तिसरं पुस्तक मुद्रितशोधनाला आलं. ओळखीबद्दल आभार आहेतच, पण त्याआधी तुम्ही फोनवर जे झापलंत त्याबद्दल जास्त आहेत.

माझा पहिला मेसेज आठवतो? रात्री साडेअकराला पाठवलेला. "नोकरी सोडलीये. मुद्रितशोधन, अनुवाद, सबटायटल, काहीही चालेल. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर सांगा." सोबत तीन पानी बायोडेटा. तुमच्याकडून नुसता अंगठा आला. चार दिवसांनी फोन. "अगं, 'कोणी असेल तर' म्हणजे मी आठवत बसू का? आणि 'काहीही' म्हटलंस की तुला नीट काय येतं तेच कळत नाही."

मग मी मुलांच्या पुस्तकांची श्रेयनामावलीची पानं चाळली. मुद्रितशोधक दर पुस्तकाला वेगळा दिसला, की ते काम बाहेर दिलं जातं असं धरायचं. त्यातल्या एका संपादिकेचं नाव तुमच्या तोंडून ऐकलेलं होतं. दुसरा मेसेज दोन भागांत केला. पहिला तुमच्यासाठी: "यांना माझ्याबद्दल विचाराल का? अवघड वाटलं तर मोकळेपणाने नाही म्हणा." दुसरा तुम्हाला जसाच्या तसा पुढे ढकलता यावा असा:

"मराठी मुद्रितशोधन करते. चार वर्षं एका मासिकाचे अंक तपासले. आता मुलांच्या पुस्तकांवर भर आहे. दिवसाला साधारण 20 पानं होतात. तपासलेल्या दोन पानांचा नमुना सोबत जोडला आहे."

यात "अत्यंत मेहनती" असंही होतं. ते तुम्ही खोडलंत. "हे मी म्हणायचं, तू नाही." आणि त्या जागी स्वतःचं वाक्य घातलंत, की एम.ए.ला असताना हिने विभागाच्या अंकात माझ्याच लेखातली चूक दाखवली होती. बाईंनी पहिल्याच फोनवर विचारलं, "कुठली हो चूक?"

त्यांचा नंबर तुम्ही मला लगेच दिला नाहीत, याचा तेव्हा थोडा राग आला होता. आधी त्यांना विचारलंत, दोन दिवसांनी त्यांचा होकार आल्यावरच दोघींना एका मेलमध्ये घेतलंत. त्यामुळे मी फोन केला तेव्हा त्या वाटच बघत होत्या. त्यांनी चाचणीला दहा पानं दिली, त्यातही माझ्याकडून दोन अनुस्वार सुटले. ते तुम्हाला मी कळवलं नव्हतं, आत्ता कबूल करते. दराचं मात्र माझं मीच बोलले, "पैशाच्या बोलण्यात मला ओढू नकोस" हे तुम्ही आधीच बजावलं होतं.

पहिल्या पुस्तकाची प्रत रविवारी घरी आणून देते. नववं पान बघा. 'सूर्य' तिन्ही ठिकाणी दीर्घ आहे. प्रुफात दोनदा ऱ्हस्व होता.

तुमची,
मागच्या बाकावरची विद्यार्थिनी