झोपेच्या गमीतले मिलिग्रॅम

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत झोपेच्या गमीची, म्हणजे झोप यावी म्हणून चघळायच्या गोड गोळ्यांची, पानभर जाहिरात होती. गुहागरात माझं मेडिकलचं दुकान आहे. सोमवारी सकाळीच एक काकू कात्रण घेऊन हजर. ‘पेपरात आलंय म्हणजे खरंच असेल की रे,’ म्हणाल्या. म्हणून हे पत्र आपल्यालाच लिहितो आहे.

जाहिरातीत एल-थियानिन, ग्लायसिन आणि अश्वगंधा ही तीन नावं ठळक छापली होती, खाली ‘शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध’ आणि ‘पहिल्याच रात्रीपासून गाढ झोप’. ही नावं खोटी नाहीत, तिन्हींवर अभ्यास झालेले आहेत. प्रश्न मात्रेचा आहे. माझ्याकडे तसाच एक डबा आहे, त्याची मागची बाजू वाचली. दोन गमीत मिळून ‘निद्रा मिश्रण ५०० मिलिग्रॅम’, त्यात ही तिन्ही आणि वर कॅमोमाइल. कुठलं किती, ते लिहिलेलं नाही.

आता हिशोब करून बघा. ग्लायसिनचे जे अभ्यास जपानमध्ये झाले, त्यांत झोपण्याआधी ३ ग्रॅम, म्हणजे ३००० मिलिग्रॅम दिलं होतं. सगळं मिश्रण नुसतं ग्लायसिनचं धरलं तरी ते त्याच्या सहाव्या भागाएवढंच भरतं. त्यातून ते अभ्यास जेमतेम दहा-पंधरा माणसांवरचे. अजिनोमोटो कंपनीच्या संशोधकांचा त्यांत मोठा वाटा होता, आणि ती कंपनी स्वतः ग्लायसिन विकते. (हो, चायनीजच्या गाडीवरच्या पुडीवर जिचं नाव असतं तीच.) यामुळे निष्कर्ष खोटे ठरत नाहीत, पण ‘सिद्ध’ म्हणण्याइतका तो पुरावा नाही.

एल-थियानिन चहाच्या पानात असतं. २०१९ मध्ये जपानमध्येच ३० निरोगी माणसांना रोज २०० मिलिग्रॅम चार आठवडे दिलं, तेव्हा झोप लागायला वेळ कमी लागतो, असं त्यांनीच भरलेल्या प्रश्नावलीत दिसलं. निद्रानाशाचे रुग्ण त्यात नव्हते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने तर २०११ मध्येच थियानिन आणि झोपेचा संबंध सिद्ध होत नाही म्हणून तो दावा नाकारला होता. डब्यातल्या ५०० मधून हे २०० काढले तर उरले ३००.

अश्वगंधेचा पुरावा तिघांत त्यातल्या त्यात बरा. २०१९ मध्ये आपल्याकडे निद्रानाशाच्या ६० रुग्णांवर चाचणी झाली. काहींना मुळाचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, बाकीच्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, दहा आठवडे. शेवटी अर्कवाल्यांना झोप लागायला सरासरी २९ मिनिटं लागत होती, दुसऱ्या गटाला ३४. बिनऔषधाच्या गोळीवरही झोप सुधारली होतीच, वरचा फरक पाच मिनिटांचा. पुढे पाच चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हाही परिणाम लहानच निघाला, आणि तोही दिवसाला ६०० मिलिग्रॅम किंवा जास्त, निदान आठ आठवडे घेणाऱ्यांत अधिक ठळक. पहिल्या रात्रीची गोष्टच नाही. डब्यात गमी ३०, रोज दोन म्हणजे पंधरा दिवसांचा माल. दहा आठवड्यांना पाच डबे लागतील, आणि तरीही मात्रा भरणार नाही ती नाहीच.

आणखी एक गोम. चाचणीत वापरतात तो ठरावीक प्रमाणात विथॅनोलाइड्स, म्हणजे अश्वगंधेतली गुणकारी मानली जाणारी द्रव्यं, असलेला अर्क. डब्यावर नुसतं ‘अश्वगंधा’ असेल तर साधं चूर्णही असू शकतं. चूर्णाची मात्रा आयुर्वेदात ग्रॅममध्ये सांगतात, ते काही गमीत मावत नाही.

काकूंना मी डबा दिला नाही, कारण त्या थायरॉईडची गोळी घेतात. अश्वगंधेने थायरॉईड हार्मोन वाढू शकतं, मग छातीत धडधड सुरू होते आणि उलट झोपच उडते. यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. प्रमाण कमी, पण डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा अंगाला खाज सुटली तर तत्काळ बंद करून डॉक्टर गाठावा. गरोदर बायकांनी घेऊच नये. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील त्यांनी आधी विचारावं. जाहिरातीत यातलं अक्षर नव्हतं. डब्यावर मात्र ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी ओळ आहे, ती मला भिंगाने वाचावी लागली.

जाहिरातीवर वृत्तपत्र चालतं, हे मी समजू शकतो. माझंही दुकान विक्रीवरच चालतं. पण ‘सिद्ध’ हा शब्द छापण्याआधी आपल्या जाहिरात विभागाने कंपनीला एवढं विचारावं: प्रत्येक घटक किती मिलिग्रॅम, आणि चाचणीत तो किती होता? हे दोन आकडे जाहिरातीतच शेजारी शेजारी छापावेत.

आपला,
एक औषधविक्रेता, गुहागर