विमान आठवते, रस्ता आठवत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

12 जून 2025 रोजी अहमदाबादेत विमान वसतिगृहावर कोसळले आणि 260 माणसे गेली. त्यानंतरच्या आठवड्यात माझ्या धाकट्या भावाने पुणे-नागपूर विमानाची तिकिटे रद्द केली. भाचीच्या साखरपुड्याला तो बायकोमुलांना घेऊन रात्रभर गाडी चालवत गेला. सगळे सुखरूप पोहोचले, पण आपण जास्त धोक्याचा रस्ता निवडला हे त्याला अजूनही पटत नाही. "ते जळणारं वसतिगृह डोळ्यासमोरून हलत नाही," एवढेच तो म्हणतो.

त्याची अडचण नेमकी तीच आहे. एखादी गोष्ट किती वेळा घडते हे आपण मोजत नाही. ती किती चटकन आठवते त्यावरून ठरवतो. ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये याला उपलब्धतेचा ठोकताळा म्हटले. एरवी तो कामी येतो, कारण वारंवार घडणारे सहसा लवकर आठवतेच. पण बातमीत येते ते विरळा घडलेले, म्हणून तिथे तो फसतो. अमेरिकेतल्या एका पाहणीत लोकांना दम्यापेक्षा टोर्नेडो वादळ जास्त बळी घेते असे वाटत होते. प्रत्यक्षात दम्याने जवळपास वीसपट माणसे मरत होती, पण एकेकटी, घरात किंवा इस्पितळात.

आपल्याकडे 2022 मध्ये रस्ते अपघातांत 1,68,491 मृत्यू झाले, म्हणजे रोज सुमारे 460. त्यांतले 44 टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे. ते आतल्या पानावर चार ओळींत संपतात. गाडीने जायचे ठरवताना भावाला त्यांतला एकही आठवला नाही.

या भीतीची किंमत मोजली गेली आहे. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यात चार विमानांमधले 246 प्रवासी आणि कर्मचारी मारले गेले. पुढचे वर्षभर अनेक अमेरिकन विमान टाळून मोटारीने फिरले. मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांनी त्या वर्षीच्या रस्त्यावरच्या मृत्यूंची आधीच्या वर्षांशी तुलना केली, तेव्हा सुमारे 1,500 मृत्यू जास्तीचे निघाले. त्यांची बातमी झाली नाही, कारण ते देशभर विखुरलेले होते.

अहमदाबादची बातमी लहान छापायला हवी होती, असे मी म्हणत नाही. ती माणसे गेली आणि चौकशी व्हायलाच हवी. माझी विनंती एवढीच आहे की अशा बातमीशेजारच्या चौकटीत दोन आकडे द्यावेत: त्या वर्षी देशात किती विमाने सुखरूप उतरली आणि त्याच दिवशी राज्यातल्या रस्त्यांवर किती जण गेले. दुसरा आकडा रोज, पहिल्या पानावर, एकाच जागी आला तर फारच उत्तम.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे