साउंडबारचा आवाज आणि बोर्ड बदलण्याचा चुकीचा सल्ला

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : साउंडबारमधून टीव्हीचा आवाज न येणे व तंत्रज्ञाने केलेले चुकीचे निदान

महोदय,

मी जुळे सोलापूरमध्ये राहतो. माझ्या वडिलांना कमी ऐकू येतं, म्हणून मागच्या महिन्यात आपला साउंडबार घेतला. जोडणी आपल्याच माणसाने केली. तो गेला आणि संध्याकाळी टीव्ही लावला, तर साउंडबार गप्प. तक्रार केल्यावर तीन दिवसांनी दुसरा तंत्रज्ञ आला. पाच मिनिटांत "बोर्ड गेलाय" म्हणाला, ४,२०० रुपयांचा अंदाज लिहून दिला आणि भेटीचे ६५० रुपये घेऊन गेला.

बोर्ड गेलेला नव्हता. मोबाइल ब्लूटूथने जोडून अभंग लावला, तेव्हा साउंडबार खणखणीत वाजला. म्हणजे दोष टीव्हीकडून आवाज येण्याच्या वाटेत होता. तंत्रज्ञाने एवढं तरी करून बघायला हवं होतं.

टीव्ही भिंतीपासून ओढून टॉर्च मारली. केबल पहिल्या एचडीएमआय पोर्टमध्ये होती, आणि `ARC` ही अक्षरं दुसऱ्या पोर्टखाली होती. टीव्हीतून आवाज उलट बाहेर पाठवायचं काम तेवढा एकच पोर्ट करतो. केबल तिथे लावली, साउंडबारकडचं टोक `TV ARC` लिहिलेल्या पोर्टमध्ये असल्याची खात्री केली. टीव्ही आणि साउंडबारला एचडीएमआयवरून एकमेकांना सूचना देऊ देणारं सीईसी टीव्हीच्या सेटिंगमध्ये बंद होतं, ते चालू केलं. दोन्ही उपकरणांचे प्लग काढून पाच मिनिटं थांबलो आणि परत लावले. केबल टीव्हीवरच्या मालिका ऐकू येऊ लागल्या. वडील टीव्हीजवळची खुर्ची सोडून पहिल्यांदाच पलंगावर बसले.

पण रात्री ॲपवर सिनेमा लावला, तर पुन्हा शांतता. टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये `Digital Sound Output` हे `Auto` वर होतं. ते `PCM` केलं आणि त्याच क्षणी संवाद सुरू झाले. सिनेमाचा आवाज टीव्ही ज्या स्वरूपात पाठवत होता, ते आपल्या साउंडबारला उलगडता येत नव्हतं. पीसीएममध्ये टीव्ही स्वतःच तो उलगडून देतो, पण एआरसीवरून त्याचे दोनच चॅनेल येतात. खोक्यावर मोठ्या अक्षरांत डॉल्बी छापलंय, त्यासाठी जास्त पैसे मोजले, आणि ऐकतोय साधा स्टिरिओ. डॉल्बी डिजिटल आणि डॉल्बी डिजिटल प्लस हे दोन वेगळे प्रकार आहेत. यांपैकी कुठला चालतो, हे ना खोक्यावर आहे, ना पुस्तिकेत.

माझ्या मागण्या अशा : भेटीचे ६५० रुपये परत करावेत. बोर्ड बदलण्याचा अंदाज चुकीचा होता, असं लेखी द्यावं. हा साउंडबार कोणकोणते ध्वनिप्रकार उलगडतो, हे स्पष्ट कळवावं, आणि डॉल्बी डिजिटल प्लस चालत नसेल तर बदली द्यावी. माझ्या गल्लीत आणखी दोघांनी हाच साउंडबार घेतलाय. त्यांच्याकडेही केबल कुठे लावली आहे, ते आपला माणूस पाठवून तपासावं.

बिल, अंदाजपत्रक आणि दोन्ही पोर्टचे फोटो सोबत जोडले आहेत. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन.

आपला,
एक ग्राहक, सोलापूर