सईला, पोटाबद्दल

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, बडोद्याचं पाणीच मला सोसत नाही." रात्रभर तेच डोक्यात होतं. माझं माहेर दांडिया बाजारातलं. आजवा सरोवराचं आणि महीचं पाणी पिऊन आम्ही भावंडं वाढलो. पण नवख्या माणसाच्या पोटाला तिथे त्रास होतो हे खरं आहे. तरी तू सांगितलंस ते जुळवून पाहिलं, तर मला त्यात दोन वेगळी दुखणी दिसतात.

पहिलं रुजू झाल्यावर पाचव्या दिवशीचं. तीन दिवस जुलाब, पोटात मुरडा, ताप नाही, रक्त नाही, आणि मग आपोआप थांबलं. हा बहुधा जंतूंचा त्रास. आपल्या गावच्या जंतूंची पोटाला ओळख असते, नव्या गावचे वेगळे असतात. कँटीनमधली पातळ हिरवी चटणी, चिरून ठेवलेला कांदा-काकडी आणि बर्फ घातलेली छाश, यांतलं काहीही शिजत नाही. पाणी तू बाटलीतलं पितेस, पण चटणीत आणि बर्फात कुठलं पाणी गेलंय ते तुला दिसत नाही. त्यामुळे सध्या हे तिन्ही बंद. जेवायला कँटीन उघडल्या उघडल्या जा. दीड-दोन तास कोमट राहिलेला भात वासावरून कळत नाही, पण पोट बिघडवू शकतो. वाफाळतं वरण, गरम रोटली, कढी बिनधास्त खा. वरणातल्या गुळाला उगाच दोष देऊ नकोस.

दुसरं दुखणं आत्ताचं, दोन आठवडे चाललेलं. पोट फुगतं, गुडगुडतं, दुपारनंतर एकदा-दोनदा पातळ होतं, पण रात्री झोपमोड होत नाही. रविवारी मावशीकडे तू खिचडी-कढी खाल्लीस आणि दुपारभर छान होतीस. मावशीच्या घरचं पाणी बडोद्याचंच ना? रात्री पीजीवर मोठा मग भरून दूध घेतलंस आणि तासाभरात पोट डमरू झालं. ऑफिसात दिवसाला चार चहा होतात, तेही नुसत्या दुधाचे, असं तूच म्हणालीस. मला वाटतं गोम इथेच आहे.

जुलाबात आतड्याचं आतलं अस्तर दुखावतं. दुधातली साखर पचवणारा रस तिथेच तयार होतो, तो काही आठवडे कमी पडतो. न पचलेली साखर खाली जाते, तिथे तिचा वायू होतो आणि ती पाणी ओढून घेते. दह्यात ती साखर थोडी कमी झालेली असते, म्हणून कढी सोसली असावी.

हे पडताळून बघ. सोमवारपासून पाच दिवस दूध, दुधाचा चहा, पेढे, बासुंदी, आइस्क्रीम काही नाही. कोरा चहा घे. बाकी जेवण आहे तसंच ठेव, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. काय खाल्लं आणि कधी फुगलं ते मोबाइलवर लिहीत जा. उतार पडला तर आठवडाभराने जेवणानंतर अर्धा कप दूध घेऊन बघ आणि सोसेल तसं वाढव. बहुतेकांचं पुन्हा पूर्वीसारखं होतं. फरकच पडला नाही, तर माझा अंदाज चुकला असं समज आणि डॉक्टरांकडे जा.

पुन्हा जुलाब लागले तर ओआरएस. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालायचं, पेल्यात थोडंथोडं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ जास्त पडू देऊ नकोस. जुलाब थांबवणारी गोळी ताप किंवा रक्त असेल तर घ्यायची नाही. अँटिबायोटिक दुकानदाराला विचारून घेऊ नकोस. मैत्रिणीची उरलेली गोळी तर अजिबात नको.

शौचात रक्त, ताप, पाणीही पोटात न टिकणं, लघवी कमी होऊन चक्कर येणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर. रजा मिळेल की नाही याचा विचार नंतर. आणि दूध सोडूनही पातळ होत राहिलं, तर शौचाची तपासणी करून घे, कारण जिआर्डिया नावाचा परजीवी अगदी असाच फुगारा देतो. लॅबमध्ये इतकी वर्षं काढल्यावर एवढं सांगते, नमुना ताजा न्यायचा. सकाळी आठचा नमुना दुपारी दिला तर अमिबा हलताना दिसत नाही. एका तपासणीत काही सापडलं नाही तर डॉक्टर वेगवेगळ्या दिवशीचे आणखी नमुने मागतील, कंटाळू नकोस.

मेतकूट आणि भाजलेले पोहे पाठवतेय. येत्या रविवारी मावशीकडच्या काट्यावर वजन कर आणि मला कळव. इथून निघताना बावन्न किलो होतं.

तुझी,
आई