पैसे वेळेत गेले, तरी दंड कार्डधारकालाच? : रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना खुले पत्र

प्रति,
माननीय गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक,
शहीद भगतसिंग मार्ग, फोर्ट, मुंबई

महोदय,

परळच्या आमच्या सोसायटीत क्रेडिट कार्डाची बिले, विम्याचे कागद, कर्जाचे हप्ते यांत काही अडले की लोक माझ्याकडे येतात. गेल्या काही काळात एकच तक्रार वारंवार कानावर येते आहे. बिल मोबाइलमधल्या पेमेंट ॲपवरून मुदतीत भरले, खात्यातून पैसे गेले, पण कार्डावर ते जमा झाले उशिरा. आणि त्या उशिराचा भुर्दंड भरणाऱ्याच्याच माथी बसला.

आमच्या शेजारच्या ताईंचेच घ्या. २०२५ च्या २ जुलैला त्यांनी कार्डावर ४०,००० रुपयांचा फ्रिज घेतला. त्या बिलात दुसरे काही नव्हते. बिल २८ जुलैला निघाले आणि शेवटची तारीख होती १६ ऑगस्ट, शनिवार, दहीहंडीचा दिवस. ताईंनी त्याच संध्याकाळी ॲपवरून पूर्ण रक्कम भरली. हिरवी खूण आली, ‘पेमेंट सक्सेसफुल’ दिसले, बँकेचा पैसे वजा झाल्याचा एसएमएसही आला. कार्डावर ते पैसे जमा झाले बुधवारी, २० तारखेला. मधल्या सोमवार-मंगळवारी मुंबई पाण्यात होती, त्यामुळे शाखेत जाऊन विचारायचीही सोय नव्हती.

पुढच्या बिलात लेट फी लागली ११०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १९८. ही रक्कम निदान डोळ्यांना दिसते. खरा फटका खालच्या ओळीत होता. बँकेच्या हिशेबाने बिल मुदतीत पूर्ण भरले गेले नव्हते, म्हणून बिनव्याजी सवलत गेली आणि व्याज थेट खरेदीच्या तारखेपासून लागले. २ जुलै ते २० ऑगस्ट हे ४९ दिवस होतात. दर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. चाळीस हजारांवर त्याचे सुमारे २,२५५ रुपये झाले आणि जीएसटी धरून २,६६० च्या आसपास. म्हणजे चार दिवसांच्या उशिरासाठी ताईंना एकूण जवळपास ३,९६० रुपये पडले, आणि त्यात लेट फीपेक्षा व्याजाचाच वाटा दुप्पट.

तुमच्या एप्रिल २०२२ च्या क्रेडिट कार्ड निर्देशांत एक चांगली तरतूद आहे. शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त थकबाकी राहिली तरच बँकेने लेट फी लावायची आणि तरच क्रेडिट ब्युरोला थकीत म्हणून कळवायचे. अनेकांना या तीन दिवसांनी वाचवले आहे. पण ताईंचे १७, १८, १९ हे तीन दिवस संपले आणि पैसे चौथ्या दिवशी जमा झाले. शिवाय ही सवलत लेट फी आणि ब्युरोपुरतीच आहे, व्याजाला ती लागू नाही. दुसऱ्याच दिवशी पैसे जमा झाले असते तर लेट फी टळली असती, पण व्याजाची ओळ तरीही आली असती. ‘तीन दिवस आहेत की’ असे समजून निर्धास्त राहणाऱ्यांना हे माहीत नसते.

पैसे अडकतात कुठे, हे समजून घेतले तर दोष कोणाचा ते कळते. ॲपमधली हिरवी खूण फक्त पहिला टप्पा सांगते, की तुमच्या खात्यातून पैसे निघाले. त्यानंतर ॲपकडून भरण्याचा संदेश भारत बिल पेमेंट प्रणालीत, म्हणजे आताच्या भारत कनेक्टमध्ये जातो. तिथून तो कार्ड देणाऱ्या बँकेच्या बाजूला पोहोचतो आणि शेवटी बँक तो कार्डाच्या खात्यावर चढवते. यातली कोणतीही पायरी रखडली तरी ॲपवर ‘सक्सेसफुल’ आणि बँकेच्या पानावर मात्र पूर्ण थकबाकी, असे एकाच वेळी दिसू शकते. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालते. तेव्हा ‘मध्ये शनिवार-रविवार आला’ हे उत्तर आता पटत नाही.

यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक फक्त पैसे निघाल्याचा पुरावा देतो. भारत कनेक्टच्या पावतीवर अक्षरे आणि आकडे मिळून बनलेला बी-कनेक्ट व्यवहार क्रमांक असतो; बिल त्या प्रणालीत नोंदले गेल्याचा पुरावा तो. ताईंकडे दोन्ही होते, दोन्हींवर १६ ऑगस्टची तारीख होती. ॲपवाले म्हणाले बँकेला विचारा, बँक म्हणाली ॲपला विचारा. लेखी तक्रार केल्यावर बँकेने लेट फी परत केली, तीही ‘एक वेळची सवलत’ म्हणून. व्याज सिस्टीमने काढले आहे, ते बदलता येत नाही, असे कळवले. ज्या बाईने वेळेत पैसे भरले तिला सवलत कसली देता? तिचे होते तेच तिला द्यायचे होते.

मार्च २०२४ च्या दुरुस्तीत तुम्ही बँकांना मान्य भरणा-मार्गांची यादी वेबसाइटवर आणि बिलावर द्यायला सांगितलेत, आणि ग्राहकांनी त्या यादीबाहेरचा मार्ग टाळावा, असेही. हे योग्यच आहे. मग बँकेने स्वतः मान्य केलेल्या मार्गाने पैसे दिले, तर वाटेतला उशीर ग्राहकाच्या अंगावर येऊ नये. ग्राहकाच्या खात्यातून पैसे निघाल्याची तारीख हीच बिल भरल्याची तारीख, एवढे एक वाक्य कार्डाच्या निर्देशांत घाला. लेट फी, व्याज आणि ब्युरोला जाणारी नोंद या तिघांनाही ते लागू होऊ द्या, आणि दुरुस्ती ग्राहकाने मागण्याआधी बँकेने आपण होऊन करावी.

दुसरी मागणी भरपाईची. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने फसलेल्या यूपीआय व्यवहारात दुकानदाराला पुष्टी न मिळाल्यास पाच दिवसांत पैसे परत, नाहीतर दिवसाला १०० रुपये भरपाई, असे ठरवले. पण कार्डाचे बिल उशिरा जमा झाले तर व्यवहार फसलेला नसतो, तो नुसता रखडलेला असतो, आणि म्हणून तो त्या चौकटीत बसत नाही. बिल भरण्याच्या व्यवहारांसाठी जमा करण्याची मुदत आणि ती ओलांडल्यावरची दररोजची भरपाई त्यात जोडा. ॲप आणि बँक यांच्यात चूक कोणाची, हे त्यांनी आपापसात ठरवावे. ग्राहकाला पैसे मात्र कार्ड देणाऱ्या बँकेनेच द्यावेत.

आणि ॲपच्या पडद्यावर ‘बँकेतून पैसे गेले’ आणि ‘कार्डावर जमा झाले’ या दोन खुणा वेगवेगळ्या, वेळेसकट दाखवणे सक्तीचे करा. दुसरी खूण आली नाही हे ताईंना १७ तारखेला सकाळी दिसले असते, तर तक्रार त्याच दिवशी गेली असती, २० तारखेची वाट पाहावी लागली नसती.

ताईंनी बँकेकडे व्याजाची तक्रार पुन्हा लेखी दिली आहे. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर ती तुमच्या लोकपालाकडे येईल. तिच्यासोबत दोन्ही क्रमांक, एसएमएस आणि दोन्ही बिले जोडलेली असतील.

आपला,
परळचा एक रहिवासी