गाडीतल्या मैत्रिणीबद्दल

ती. आई-बाबांना सा. न.

परवा फोनवर मी मध्येच रडायला लागले तेव्हा आई "नेटवर्क गेलं का गं?" म्हणाली. नेटवर्क गेलं नव्हतं. मला बोलता येईना, म्हणून फोन ठेवला आणि आता लिहितेय. आधी काळजीचं संपवते: मी वेळेवर जेवते, झोपही लागते, कामावर रोज जाते, गोळ्याबिळ्या काही चालू नाहीत. बाबांनी दादाला विचारलं म्हणे, "ती एवढी कोण लागत होती हिची?" बाबा, तुम्ही विचारलंत त्याचा राग नाही. मीही स्वतःला तेच विचारत होते.

माझी "गाडीतली" तुम्हाला ऐकून माहीत आहे. सकाळची सात बेचाळीसची गाडी, पुढून तिसरा डबा. मी बसल्यावर दोन स्टेशनांनी ती चढायची. पंचवीस मिनिटं गप्पा, मग ती डावीकडच्या जिन्याने, मी उजवीकडच्या. दोन वर्षं हे चाललं. तिच्या घरी मी कधी गेले नाही, ती माझ्या घरी आली नाही. मार्चमध्ये एका सोमवारी ती दिसली नाही. मंगळवारीही नाही. मी मेसेज टाकला, "कुठे गायब?" उत्तर नाही. आठवडाभर मी तिच्यावर चिडून होते, हे लिहायलाही लाज वाटते. मला वाटलं कंटाळली असेल, डबा बदलला असेल.

नवव्या दिवशी तिच्या नंबरवरून उत्तर आलं, पण ते तिच्या बहिणीचं होतं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, रविवारी रात्रीच गेली. वय चौतीस. खाली लिहिलं होतं, "फोनमध्ये तुमचं नाव नुसतं 'ट्रेन' असं आहे. आपण कोण?"

अर्धा तास मी त्या दोन शब्दांसमोर बसून होते. "मैत्रीण" लिहिलं, खोडलं. ज्या मैत्रिणीला नऊ दिवस कळलंच नाही, ती कसली मैत्रीण? शेवटी लिहिलं, "आम्ही सकाळी एका गाडीने जायचो."

आता इथली एक गोष्ट सांगते, नाहीतर आईला वाटेल मी तिला पोचवायला वेळेत गेले नाही. इथे इंग्लंडमध्ये माणूस गेलं की दुसऱ्या दिवशी सगळं आटपत नाही. अचानक मृत्यू आला आणि कारण कळलेलं नसलं की आधी कॉरोनर नावाच्या अधिकाऱ्याकडे कळवतात. तो गरज पडली तर शवविच्छेदन करायला लावतो, आणि त्याने सोडल्याशिवाय घरच्यांना काही करता येत नाही. तिथून सुटलं तरी स्मशानात आधी वेळ घ्यावी लागते, ती दोन-तीन आठवड्यांनंतरचीही मिळते. वेळ ठरलेली, अर्ध्या-पाऊण तासाची. आपलं संपेपर्यंत पुढची मंडळी बाहेर येऊन थांबलेली. आई, तू विचारशील मग तोवर घरचे काय करतात. तेच तर. बिल भरतात, ऑफिसला जातात, लोकांशी हवापाण्याच्या गप्पा मारतात. मला हे काही केल्या समजत नव्हतं. पण मला त्या तीन आठवड्यांचा उपयोग झाला, कारण मला मुळातच उशिरा कळलं होतं.

त्या दिवसाची सुट्टी मागायला ऑफिसचा फॉर्म उघडला. त्यात "मृत व्यक्तीशी नातं" असा रकाना होता आणि खाली यादी: पती-पत्नी, आई-वडील, अपत्य, भावंड, आजी-आजोबा, इतर. मी "इतर" निवडलं. लगेच खाली नवी चौकट उघडली, "कृपया स्पष्ट करा". ते काही मला जमेना. फॉर्म बंद केला आणि साधी रजा टाकली.

त्यानंतर मी सात बेचाळीस सोडली. बसने जायला लागले, चाळीस मिनिटं जास्त लागायची. दादाला सांगितलं, गाड्या उशिरा येतात. कुणी "तुम्ही जवळच्या होतात का?" विचारलं की मी घाईघाईने "नाही, तशी नाही" म्हणायचे. तिची बहीण आहे, आई आहे, शाळेपासूनच्या मैत्रिणी आहेत. त्यांच्या रांगेत मी कशी घुसू?

आई, तू ज्याला "डोक्याच्या डॉक्टरकडे जातेस का" म्हणालीस, ते तसलं काही नव्हतं. इथे क्रूज नावाची संस्था आहे, १९५९ मध्ये निघाली, तीही फक्त विधवांसाठी. पुढे ज्याचं कुणी गेलं असेल अशा कुणासाठीही खुली झाली. तिथल्या बाई वयाने तुझ्याएवढ्या असतील. मी त्यांच्यापुढे माझा नेहमीचा पाढा म्हटला: मी तिची कुणी नाही, रडायचा हक्क घरच्यांचा. त्या म्हणाल्या, या दुःखाला नाव आहे. केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये त्यावर पुस्तकच केलं. आजूबाजूचे लोक ज्या दुःखाला मान देत नाहीत, रजा देत नाहीत, विचारपूस करत नाहीत, ते दुःख. नातं लोकांच्या यादीत नसलं की असं होतं. मग माणूस लोकांचं काम स्वतःच करायला लागतो, म्हणजे मनातल्या मनात तोच फॉर्म भरतो आणि स्वतःच नाकारतो.

मग त्यांनी विचारलं, "ती तुमची कोण होती ते राहू द्या. तुमचं नेमकं काय गेलं?"

मी म्हटलं, पंचवीस मिनिटं. आणि मग एकेक निघत गेलं. गेल्या वर्षी ऑफिसात माणसं कमी करत होते, त्यात माझं नाव होतं. दोन महिने टांगती तलवार होती. ते फक्त तिला माहीत होतं. (आता सगळं ठीक आहे, नोकरी पक्की आहे, बाबांनी दादाला फोन लावू नये.) तुम्हाला रविवारी "सगळं मजेत" सांगून सोमवारी मी तिला खरं सांगायचे. ते सांगायची जागा गेली.

बाईंनी सुचवलं म्हणून तिच्या आईला पत्र लिहिलं. दुःख झालं वगैरे थोडक्यात. बाकी घरच्यांना माहीत असणं शक्य नाही असं एकच. ती खिडकीच्या काचेवर वाफ धरली की बोटाने माझ्या स्टेशनाचं नाव उलटं लिहायची, बाहेरून सुलटं दिसावं म्हणून. स्मशानात मी मागच्या रांगेत दाराजवळ बसले होते. संपल्यावर तिच्या आई माझ्याकडेच आल्या, दंड धरला आणि म्हणाल्या, "ट्रेन?" मी मान हलवली.

काकू म्हणाली म्हणे, आजीच्या वेळी हिच्या डोळ्यात पाणी नव्हतं आणि आता परक्या बाईसाठी रडते. खरं आहे. आजीच्या वेळी तिकीट मिळालं नाही, तुम्ही म्हणालात येऊ नकोस, मी दुसऱ्या दिवशी कामावर गेले. तेव्हाही मला वाटलं होतं, जी सेवा करायला नव्हती तिने कशाला रडायचं. आता रडते तेव्हा दरवेळी कुणासाठी ते मलाही सांगता येत नाही. काकूला हे वाचून दाखवू नका.

सोमवारपासून परत गाडीने जातेय. डबा दुसरा.

बाबांच्या मोतीबिंदूचे पैसे शुक्रवारी पाठवलेत, बँकेत बघा, आणि ऑपरेशन पुढे ढकलू नका. दादाच्या साखरपुड्याला येते, लग्नाला परत यायला रजा उरेल की नाही ठाऊक नाही. वहिनीकडच्यांना आत्ताच काही बोलू नका. त्या मुलाचा फोटो पाहिला. चांगला आहे. बोलेन म्हटलंय ना, बोलेन, पण मे महिन्यानंतर. आईने त्यांना "कामात आहे" सांगावं, "दुःखात आहे" नको.

तुमची,
धाकटी

ता. क. आजीचा चष्मा अजून कपाटात असेल तर कुणाला देऊ नका. मी येते तेव्हा मला हवाय.