टाइल्सआड गळणारी गरम पाण्याची लाइन

संपादक महोदय,

आमच्या बाथरूमचं काम केलेले ठेकेदार महिनाभर माझा फोन उचलत नाहीत. पेपर मात्र ते न चुकता वाचतात, म्हणून त्यांच्यासाठीचं हे पत्र आपल्याकडे धाडतोय.

ठेकेदारसाहेब, नव्या टाइल्स बसून दोन महिने होत नाहीत तोच पलीकडच्या बेडरूमच्या भिंतीवर, उशाशी, तळहाताएवढा ओला डाग उमटला. पुढे रंग फुगला, लोणा धरला. तुमच्या माणसाने ‘ग्राउटमधून पाणी झिरपतंय’ म्हणत सांध्यांत सिलिकॉन भरलं. डाग वाढतच गेला.

मग आम्ही दोन दिवस बार्शीला गेलो. बाथरूममध्ये पाण्याचा थेंब सांडला नाही, तरी परतलो तेव्हा डाग ओलाच. सांध्यांतून किंवा नहाणी ट्रॅपमधून गळत असतं, तर तो वाळायला लागला असता. कुणी नळ न उघडताही गळते ती टाकीच्या दाबाखालची लाइन. पुढचे चार दिवस गिझरचा अँगल कॉक बंद ठेवून फक्त गार पाणी वापरलं, तर डागाच्या कडा सुकू लागल्या. म्हणजे दोष गरम लाइनमध्ये. इथे उजनीचं पाणी काही दिवसांआड येतं, आणि आमची टाकी रात्रंदिवस भिंतीत झिरपत होती!

शेवटी दुसऱ्या प्लंबरकडून दोन टाइल्स काढवल्या. मिक्सरमागचा एल्बो बिलात पितळी आट्यांचा लिहिलाय. निघाला अख्खा प्लास्टिकचा. पान्याने जास्त आवळल्यामुळे आट्यांपाशी केसाएवढी चीर गेली होती. टाइल्सआधी लाइन दाबाखाली तपासली असती, तर ती तेव्हाच सापडली असती. पण तुम्ही सकाळी पाइप जोडले आणि दुपारी प्लास्टर केलंत. मी विचारलं, तर म्हणालात, ‘काही होत नाही, काका.’

आता वरवरची डागडुजी नको. गिझरपासून मिक्सरपर्यंतची सीपीव्हीसी लाइन पितळी आट्यांच्या फिटिंगसह नव्याने टाका. सोल्युशन दिवसभर सुकू द्या. मग तोंडांना प्लग लावून हातपंपाने 10 किलोचा दाब द्या. तासाभरात काटा खाली आला, तर प्लास्टरला हात लावायचा नाही. हे सारं माझ्यासमोर व्हायला हवं. फोडलेल्या जागेचं वॉटरप्रूफिंग, त्याच शेडच्या टाइल्स आणि बेडरूमचा रंगही तुमच्याच खर्चाने. शेवटचा हप्ता त्यानंतर.

15 दिवसांत काम सुरू झालं नाही, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तक्रारीला 2 वर्षांची मुदत असते, मी तेवढं थांबणार नाही. चिरलेला एल्बो तुमच्या बिलाला बांधून कपाटात ठेवला आहे.

– एक घरमालक, जुळे सोलापूर